चेंडू ९३ मीटरवर कसा पोचला?

*"मॅडम, मी नागपूरला अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत फिजिक्स आवडायचं, मार्कही चांगले यायचे. आता प्रोजेक्टाइल मोशनपाशी गाडी अडली आहे. T, H आणि R ची तिन्ही सूत्रं तोंडपाठ आहेत, तरी न्यूमेरिकल चुकतात. परवाचं उदाहरण सांगते. १५ मीटर उंच गच्चीवरून चेंडू २० मीटर प्रति सेकंद वेगाने, आडव्या रेषेशी ३०° कोन करून वर फेकला, g = 10. तो इमारतीपासून किती दूर पडेल आणि किती वेगाने आपटेल? R चं सूत्र लावलं तर ३४.६४ मीटर आलं. मग गतीची समीकरणं लावली तर ९३ मीटर. पुस्तकात उत्तर ५१.९६ आहे. आपटतानाचा वेग मात्र माझा बरोबर आला, २६.४६. ट्यूशनचे सर म्हणतात, उंचीवरून फेकायची सूत्रं वेगळी असतात, ती पाठ कर. घरी आई-बाबा म्हणून राहिले की झेपत नसेल तर कॉमर्सला जा, अजून वेळ आहे. मी काय करू?"*
*– एक विद्यार्थिनी, नागपूर*

चुकलेली उत्तरंही तू आकड्यांसकट पाठवलीस, हे फार बरं केलंस. तेवढ्या तीन आकड्यांवरून तू वहीत काय केलं असशील ते मला ओळीगणिक सांगता येतं. आणि त्यावरून दिसतं की तुला सूत्रंही कमी पडत नाहीत आणि बुद्धीही. समीकरण लिहिण्याच्या आधीची एक पायरी तुझ्याकडून गाळली जाते. ती का गाळली जाते, यालाही चांगलं कारण आहे.

नववीत तू गतीची तीन समीकरणं शिकलीस. दहावीत गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात तीच वर फेकलेल्या आणि खाली सोडलेल्या दगडाला वापरलीस. या दोन्ही वर्षांत प्रत्येक वस्तू एकाच सरळ रेषेत जात होती. त्यामुळे उदाहरणात जो वेग दिला असेल तो उचलायचा आणि u च्या जागी ठेवायचा, ही सवय लागली, आणि दोन वर्षं ती सवय तुला बरोबर उत्तरं देत राहिली. अकरावीत चेंडू तिरका गेला आणि सवय मात्र तीच राहिली. s = ut + ½at² या समीकरणातले s, u आणि a हे तिन्ही एकाच रेषेवरचे असावे लागतात. तू a म्हणून गुरुत्वाचं त्वरण घेतलंस, ते सरळ खाली. s म्हणून गच्चीची उंची घेतलीस, तीही उभी. आणि u मात्र घेतलास तिरका, अख्खा २०.

म्हणजे तुझं समीकरण असं झालं असणार:

–15 = 20t – 5t²

यातून t = 4.65 सेकंद येतो. मग आडवं अंतर काढताना तू पुन्हा तोच २० वापरलास, आणि २० गुणिले ४.६५ म्हणजे जवळपास ९३. गणित तू नीट केलंस, पण ते दुसऱ्याच चेंडूचं. ज्याचा उभा वेगही २० आहे आणि आडवा वेगही २०, अशा चेंडूचं. असा चेंडू ४५° कोनात २८.२८ मीटर प्रति सेकंद वेगाने फेकावा लागेल, कारण २० चा वर्ग अधिक २० चा वर्ग म्हणजे ८००, आणि त्याचं वर्गमूळ २८.२८. आपल्या गच्चीवरच्या माणसाने फेकला फक्त २० ने. उरलेला वेग त्याच्या हातातून आलेलाच नाही.

आता वेगाचे भाग करायचे म्हणजे नेमकं काय करायचं, ते डोळ्यांसमोर येणं महत्त्वाचं आहे. आपलं नागपूर कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून इथे वर्षातून दोनदा, मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास, दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. जुलैत बहुधा ढग असतात, पण मेमध्ये हा शून्य सावलीचा दिवस छान बघता येतो. त्या क्षणी मैदानावर तिरका चेंडू फेकलास तर त्याची सावली जमिनीवर अगदी त्याच्या खाली सरकत जाईल. चेंडू वर चढो की खाली येवो, सावलीला त्याचं काहीच नाही. ती एकाच वेगाने, न थांबता, सरळ पुढे जाते. हा झाला आडवा घटक. याच्या दिशेने कुठलंही बल नाही, म्हणून त्याचं त्वरण शून्य.

दुसरी सावली संध्याकाळची. सूर्य मावळतीला टेकला की किरण जवळजवळ आडवे येतात. सूर्याकडे पाठ कर आणि समोरच्या भिंतीकडे तिरका चेंडू फेक. भिंतीवरची सावली फक्त वर जाईल, वेग कमी होत होत क्षणभर थांबेल आणि खाली येईल. सरळ वर फेकलेल्या दगडाची जी गती तू दहावीत सोडवत होतीस, तीच ही. हा उभा घटक, आणि याचं त्वरण खाली १०.

चेंडू एकच आहे, पण त्याच्या या दोन सावल्या एकमेकींना विचारत नाहीत. तिरक्या फेकलेल्या वस्तूची गती या दोन स्वतंत्र गतींची मिळून बनते आणि त्यातून पॅराबोला तयार होतो, हे गॅलिलिओने १६३८ साली छापून आलेल्या आपल्या ग्रंथात मांडलं. तुझ्या पुस्तकातल्या धड्याचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे.

तेव्हा आता तुझंच उदाहरण घेऊ. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मार. डावीकडे लिही ‘आडवं’, उजवीकडे ‘उभं’. वरची दिशा धन, खालची ऋण, हे पानाच्या माथ्यावर लिहून टाक आणि उदाहरण संपेपर्यंत त्याला हात लावू नकोस. समीकरण लिहायच्या आधी दोन्ही रकाने भरायचे:

आडवं: u_x = 20 cos 30° = 17.32, a_x = 0
उभं: u_y = 20 sin 30° = 10, a_y = –10, s_y = –15

s_y ऋण का, तर चेंडू शेवटी जिथे पोचतो ती जागा सुरुवातीच्या जागेच्या १५ मीटर खाली आहे. तो मधे वर गेला होता, याच्याशी विस्थापनाला कर्तव्य नाही. आणि a_y चं चिन्ह वर जाताना, शिखरावर आणि खाली येताना कायम ऋणच राहतं. ‘वर जाताना उणे g, खाली येताना अधिक g’ असं अर्ध्या वाटेत बदलणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. गणिताचे दोन तुकडे करून दुसऱ्या तुकड्यात खालची दिशा धन धरली तर ते चालतं, पण एकाच समीकरणात चिन्ह बदललं की उत्तर गेलंच. शिखराबद्दलही एक सांगते. तिथे चेंडूचा वेग शून्य नसतो, फक्त उभा घटक शून्य असतो. आपला चेंडू शिखरावरसुद्धा १७.३२ मीटर प्रति सेकंद वेगाने पुढे चाललेला आहे.

आता उजव्या रकान्यात समीकरण लाव:

–15 = 10t – 5t²

दोन्ही बाजूंना ५ ने भागून, पदं एका बाजूला आणून t² – 2t – 3 = 0 मिळतं. अवयव पाडले की (t – 3)(t + 1) = 0, म्हणजे t = 3 किंवा –1. आपलं उत्तर ३ सेकंद. त्या उणे एकला मुलं नुसतीच काट मारतात. एकदा थांबून बघ, त्यालाही अर्थ आहे. हाच चेंडू गच्चीऐवजी जमिनीवरून एक सेकंद आधी निघाला असता, तर गच्चीच्या उंचीला येईपर्यंत त्याचा वेग बरोबर आत्ताइतका झाला असता. समीकरणाला गच्ची ठाऊक नसते, त्याला फक्त वक्र ठाऊक असतो.

वेळ हाती आला की डाव्या रकान्यात जा. दोन्ही रकान्यांत सारखी असलेली एकच राशी आहे, t. पलीकडे नेता येते ती फक्त तीच. आडवं अंतर = १७.३२ × ३ = ५१.९६ मीटर. पुस्तकातलं उत्तर.

वर्गसमीकरणाची भीती वाटत असेल तर दुसरा रस्ताही आहे, आणि तो पडताळा म्हणूनही कामाला येतो. उभा वेग १० असेल तर चेंडू १ सेकंद चढतो आणि गच्चीच्या वर ५ मीटर जातो. म्हणजे शिखर जमिनीपासून २० मीटरवर. तिथून उभ्या दिशेने शून्य वेगाने पडायला 20 = 5t² प्रमाणे २ सेकंद लागतात. एक आणि दोन, तीन. दोन वाटांनी एकच वेळ आला म्हणजे उजवा रकाना बरोबर.

आता २६.४६ कडे येते. त्यावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण तुझी चूक इतके दिवस त्यानेच झाकून ठेवली आहे. तू बहुधा v² = u² + 2as मध्ये u = 20 ठेवलास, a आणि s दोन्ही खाली धरून १० आणि १५ घेतलेस, आणि v² = 400 + 300 = 700 काढलंस. उत्तर जुळलं. अख्खा वेग ठेवून उत्तर जुळलं, तर मग अख्खा वेग ठेवण्यात चूक काय, असं कुणालाही वाटेल.

घटकांनी करून बघ. उभा घटक शेवटी 10 – 10 × 3 = –20, म्हणजे खाली २०. आडवा १७.३२ तसाच. वर्गांची बेरीज ४०० + ३०० = ७००. उत्तर तेच, पण वाट बघ. खरं समीकरण फक्त उभ्या घटकांचं आहे, v_y² = u_y² + 2as, म्हणजे 400 = 100 + 300. आडवा घटक सुरुवातीला १७.३२ होता आणि शेवटीही १७.३२ आहे, म्हणून त्याचा वर्ग ३०० दोन्ही बाजूंना मिळवला तरी समीकरण तुटत नाही. मिळवल्यावर ते अख्ख्या वेगाचं समीकरण होतं, 700 = 400 + 300. हे खरं तर ऊर्जेच्या अक्षय्यतेचं समीकरण आहे. गतिज ऊर्जेला दिशा नसते, म्हणून तिथे अख्खा वेग चालतो.

बाकीच्या दोन समीकरणांत वेगाचा वर्ग नाही, तिथे ही सोय नाही. v = u + at मध्ये किंवा s = ut + ½at² मध्ये अख्खा वेग ठेवलास की लगेच वेळ चुकतो, आणि वेळ चुकला की अंतर चुकतं. म्हणजे नुसता आपटतानाचा वेग विचारला असेल तर तुझी रीत बरोबर उत्तर देते. पण तो कोणत्या कोनात आपटतो हे विचारलं की तीच रीत गप्प बसते, कारण कोनासाठी दोन्ही घटक लागतात. इथे २० ला १७.३२ ने भागलं की tan मिळतो, आणि कोन आडव्या रेषेखाली साधारण ४९° येतो.

मग ३४.६४ चं काय? ते सूत्र खोटं नाही. R = u² sin 2θ / g हे s_y = 0 धरून याच दोन रकान्यांतून निघालेलं आहे, म्हणजे जिथून फेकलं त्याच पातळीवर वस्तू परत आली असेल तरच ते लागू. आपला चेंडू २ सेकंदांनी, ३४.६४ मीटरवर, गच्चीच्या पातळीला परत आला तिथे सूत्राचं काम संपलं. त्यापुढचा एक सेकंद आणि १७.३२ मीटर सूत्राच्या बाहेर राहिले. ते मिळव, ५१.९६ होतात.

यावरून सरांच्या सल्ल्याबद्दल माझं मत तुला कळेल. परीक्षेत वेळ वाचावा म्हणून ते सांगतात, आणि सपाट मैदानावरच्या उदाहरणांना T, H, R ची सूत्रं खरोखर वेळ वाचवतात. ती पाठच असू देत. पण उंचीवरून वर फेकलं, उंचीवरून आडवं फेकलं, उंचीवरून खाली फेकलं, जमिनीवरून फेकून गच्चीवर पडलं, अशी प्रत्येक तऱ्हेची वेगळी सूत्रं साठवत गेलीस तर परीक्षेत कोणतं कुठे लावायचं हाच एक नवा प्रश्न उभा राहतो. दोन रकान्यांत या सगळ्या तऱ्हांमधला फरक जेमतेम दोन आकड्यांचा असतो, u_y आणि s_y, आणि तोही बराचसा चिन्हाचा. सरांशी वाद घालू नकोस. त्यांना पान दाखव आणि त्यांच्या सूत्राने आलेलं उत्तर याच्याशी जुळतं का ते दोघं मिळून बघा.

ही पायरी अंगवळणी पडेपर्यंत दोन पडताळे करत जा. घटक काढले की त्यांच्या वर्गांची बेरीज कर. ती मूळ वेगाचा वर्ग आली पाहिजे, इथे ३०० + १०० = ४००. दोन्हीकडे अख्खा वेग ठेवायची चूक यात तिथल्या तिथे पकडली जाते. sin आणि cos ची अदलाबदल मात्र यात सापडत नाही, कारण बेरीज तशीच राहते. त्यासाठी आकृती बघायची. कोन ज्या रेषेपासून मोजलाय, त्या रेषेवरच्या घटकाला cos. ‘sin नेहमी उभा’ असं पाठ केलेली मुलं, कोन उभ्या रेषेपासून दिला की हमखास फसतात. आकृतीत वेगाचा बाण आडव्याकडे जास्त झुकलेला असेल तर आडवा घटकच मोठा यायला हवा, एवढं नजरेने तपासलं तरी पुरे.

एक मर्यादाही माहीत असू दे. हे सगळं हवा नाही असं धरून. खऱ्या गच्चीवरून फेकलेला चेंडू ५१.९६ मीटरच्या अलीकडेच पडेल. हवेचा विरोध चेंडूच्या एकूण वेगावर ठरतो, त्यामुळे तिथे दोन रकाने एकमेकांत गुंततात आणि अशी सोपी फोड करता येत नाही. अकरावीच्या उदाहरणांत हवा नसते, म्हणून ती करता येते.

कॉमर्सचं म्हणशील तर, ते आवडत असेल तर जरूर घे, चांगलं क्षेत्र आहे. पण या धड्यामुळे घेऊ नकोस. आई-बाबांना सांग की अडचण एका पायरीची आहे आणि पुढच्या युनिट टेस्टपर्यंत थांबा. तोवर पुस्तकातली या धड्याची उदाहरणं पुन्हा सोडव, पण पहिल्या फेरीत उत्तर काढूच नकोस. प्रत्येकाचे फक्त दोन रकाने भर, चिन्हांसकट, आणि पुढच्या उदाहरणाकडे जा. समीकरणं सोडवणं तुला येतंच, सराव हवा आहे तो रकान्यांचा.

आणि हे एक माझ्याकडून. तीच १५ मीटरची गच्ची, तोच २० चा वेग, g = 10. पण चेंडू खालच्या दिशेने फेकलाय, आणि त्याच्या वेगाचा उभ्या रेषेशी कोन ६०° आहे. अंतर १७.३२ मीटर आलं आणि वेळ १ सेकंद, तर बरोबर. ५१.९६ आलं तर u_y चं ऋण चिन्ह राहून गेलं. ७.१७ च्या आसपास आलं तर sin आणि cos ची अदलाबदल झाली. १२.९ आलं तर दोन्ही रकान्यांत पुन्हा अख्खा २० गेला. आपटतानाचा वेग या चारही वेळा २६.४६ च येईल, फक्त शेवटच्या वेळी तो v² = u² + 2as मधून काढलेला असेल तर. म्हणून त्यावरून काही ठरवू नकोस, अंतर तपास.